स्पीड टेस्ट 95 दाखवते, तरी व्हिडिओ अडकतो: फोनचं डीएनएस की रात्रीची गर्दी?

प्रश्न: कर्वेनगरला राहतो. केबलवाल्याकडून 100 एमबीपीएसचं फायबर घेतलंय. स्पीड टेस्ट कधीही लावा, 95च्या आसपास येतं. पण मोबाइलवर यूट्यूब आणि ओटीटीचे व्हिडिओ सारखे गोल गोल फिरत राहतात, रात्री तर फारच. टीव्हीवरही रात्री अडकतं. जाहिराती बंद व्हाव्यात म्हणून मित्राने फोनच्या प्रायव्हेट डीएनएसमध्ये कुठलंसं नाव टाकून दिलं होतं. केबलवाला म्हणतो, स्पीड पूर्ण येतोय, तुमच्या फोनमध्येच प्रॉब्लेम आहे. नक्की काय तपासू?

उत्तर: तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळ्यात कामाची गोष्ट ‘टीव्हीवरही रात्री अडकतं’ ही आहे. डीएनएस म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा. फोनमधलं प्रायव्हेट डीएनएस फक्त त्याच फोनला लागू होतं. घरातल्या टीव्हीला त्याचा पत्ताही नसतो. त्यामुळे टीव्ही रात्री अडकतो त्याचं खापर मित्राच्या उद्योगावर फोडता येणार नाही, आणि केबलवाल्याला ‘तुमचा फोन’ म्हणून हात झटकताही येणार नाहीत. मला दोन वेगळे दोष दिसतात: एक फोनपुरता आणि दिवसभराचा, दुसरा अख्ख्या घराचा पण रात्रीचा. दोन्ही एकदम शोधायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही, म्हणून एकेक सुटा करू.

आधी त्या 95चं. स्पीड टेस्टचं ॲप तुमच्या जवळात जवळचा सर्व्हर निवडतं. पुण्यातल्या बऱ्याच जोडण्यांवर हा सर्व्हर तुमच्याच कंपनीच्या किंवा ती जिच्याकडून बँडविड्थ घेते तिच्या जाळ्यात असतो. शिवाय टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडून दहा-पंधरा सेकंद जोर लावते. व्हिडिओचं तसं नसतं. तो काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक मागवतो, एखाद-दोन कनेक्शनवरून, आणि तासभर मागवत राहतो. ते तुकडे केबलवाल्याच्या जाळ्याबाहेरून, बहुतेकदा मुंबईहून येतात. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर गाडी ताशी साठने पळाली म्हणून हिंजवडीला वेळेवर पोचता येत नाही, तसंच हे. केबलवाला खोटं बोलत नाहीये. तो फक्त सोसायटीच्या गेटपर्यंतचं सांगतोय.

आणि व्हिडिओला मुळात फार काही लागतही नाही. 1080पीच्या चित्राला साधारण 5 एमबीपीएस पुरतात, 4के असेल तर 15 ते 20. म्हणजे 100च्या प्लॅनचा 200 करून हा आजार बरा होत नाही. प्लॅन विकणारा तेच सुचवेल, तेव्हा सावध राहा.

अडकतो म्हणजे कधी अडकतो?

पहिली खूण इथेच मिळते. प्ले दाबल्यावर पाच-सात सेकंद काळा पडदा, मग व्हिडिओ सुरू झाला की सुरळीत, असं असेल तर संशय डीएनएसवर. सुरुवात चटकन, पण तीन-चार मिनिटांनी मध्येच चक्र फिरायला लागतं, असं असेल तर डीएनएसचा संबंध फार कमी. कारण सर्व्हरच्या नावाचा आयपी पत्ता सांगणं एवढंच डीएनएसचं काम. पत्ता मिळाला, कनेक्शन जुळलं की डीएनएस बाजूला होतं, व्हिडिओचा डेटा त्यातून वाहत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर यूट्यूबमध्ये सोय आहे. ॲपच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली `Stats for nerds` चालू करा, मग व्हिडिओ चालू असताना त्याच्या मेनूत तोच पर्याय दिसेल. लॅपटॉपवर व्हिडिओवर राइट क्लिक केलं की झालं. पडद्यावर आकड्यांची चौकट येते, त्यातली `Buffer Health` ही एकच ओळ आपल्याला हवी. पुढचे किती सेकंद आधीच उतरवून ठेवलेत ते ती सांगते. क्वालिटी ऑटोवर ठेवू नका, 1080पी पक्की करा, नाहीतर यूट्यूब गुपचूप 360पीवर उतरतं आणि तुम्हाला वाटतं सगळं आलबेल आहे. आकडा वीस-चाळीस सेकंदांच्या आसपास टिकत असेल तर नेटवर्क ठीक. तो हळूहळू घसरत शून्यावर आला आणि त्याच क्षणी चित्र थांबलं, तर डेटा पोचत नाहीये हे नक्की. कधी उलटंही होतं: आकडा भरपूर, तरी चित्र झटके खातं, आणि वरच्या `Frames` ओळीतले `dropped` वाढत जातात. तेव्हा फोनचा किंवा टीव्हीचा प्रोसेसर दमलेला असतो, इंटरनेटची चूक नसते. जुन्या स्वस्त स्मार्ट टीव्हींवर हे मी बरंच पाहतो.

आता प्रायव्हेट डीएनएस

ही सोय अँड्रॉइडमध्ये 2018 साली, नवव्या आवृत्तीपासून आली. सेटिंग्जच्या शोधपट्टीत `Private DNS` टाका, थेट तिथे पोचाल. प्रत्येक कंपनीने ती वेगळ्या कप्प्यात ठेवली आहे, मार्ग पाठ करण्यात अर्थ नाही. तिथे तीन पर्याय असतात. ऑफ म्हणजे नेहमीचं उघडं डीएनएस. ऑटोमॅटिक म्हणजे राउटरने दिलेल्या डीएनएसलाच आधी कूटबद्ध पद्धतीने, 853 या पोर्टवर विचारून बघायचं, आणि ते जमलं नाही तर मुकाट्याने साध्या पद्धतीवर यायचं. तिसऱ्यात आपण नाव टाकतो, उदाहरणार्थ `dns.google` किंवा `one.one.one.one`. मित्राने तुमच्याकडे हेच केलं आहे, फक्त जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव टाकून.

या तिसऱ्या पर्यायात परतीची वाट नसते. नाव टाकलं की फोन त्याच सर्व्हरला विचारणार, तो सुस्त असला तरी वाट बघणार, आणि 853 पोर्ट कुणी अडवला असेल तर दुसरीकडे जाणार नाही, ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढं सांगून बसणार. ओटीटीचं ॲप उघडताना एकाच नावावर भागत नाही: लॉगिनचा सर्व्हर, पोस्टरच्या चित्रांचा, जाहिरातींचा, मग व्हिडिओचा, अशी ढीगभर नावं शोधावी लागतात. प्रत्येकामागे अर्धा सेकंद गेला तरी सुरुवात रखडते.

जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसची आणखी एक गंमत आहे. ते जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ता द्यायचंच नाकारतं. काही ॲप हे निमूट सोसतात आणि पुढे जातात. काही मात्र जाहिरात येईल म्हणून थांबून पुन्हा पुन्हा मागत राहतात, आणि आपल्याला दिसतं ते फिरणारं चक्र. बरोबर जाहिरातीच्या जागीच अडकत असेल तर कारण हेच समजा. यूट्यूबच्या जाहिराती मात्र व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येत असल्याने अशा डीएनएसने त्या जातही नाहीत. म्हणजे मित्राचा मूळ हेतूही फारसा साधलेला नसणार.

तिसरा परिणाम जरा खोलवरचा आहे. काही व्हिडिओ वितरण सेवा, म्हणजे सीडीएन, प्रेक्षक कुठे आहे हे त्याच्या डीएनएस सर्व्हरच्या पत्त्यावरून ओळखतात आणि जवळचा सर्व्हर सुचवतात. तुमचं डीएनएस दूर परदेशी बसलेलं असेल आणि तुमच्या पत्त्याचा काहीच अंश पुढे कळवत नसेल, तर तुम्ही कर्वेनगरमध्ये बसून सिंगापूरचा सर्व्हर पदरात पाडून घ्याल. पुणे-मुंबई-पुणे फेरीला साधारण 3 ते 5 मिलिसेकंद लागतात. सिंगापूरला जाऊन यायला त्याच्या दसपटीहून जास्त. अंतर वाढलं की एका कनेक्शनचा वेग पडतो आणि वाटेत डेटाचं एखादं पॅकेट, म्हणजे छोटा तुकडा, गळालं तर सावरायलाही उशीर लागतो. गूगलचं सार्वजनिक डीएनएस पत्त्याचा ढोबळ भाग सीडीएनला कळवू शकतं. क्लाउडफ्लेअरचं 1.1.1.1 खासगीपणासाठी मुद्दाम कळवत नाही, पण त्याचे सर्व्हर ठिकठिकाणी असल्याने सहसा भागून जातं. खरी अडचण कुठल्यातरी फुकट, लांबच्या सेवेची होते.

पण याला मर्यादा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय लोक डीएनएस बदलण्याच्या नादाला लागतात. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स व्हिडिओचा सर्व्हर मुख्यतः तुमच्या जोडणीच्या आयपी पत्त्यावरून ठरवतात आणि ॲपला नेमक्या त्याच सर्व्हरचं नाव देतात. तिथे डीएनएस बदलून जवळचा सर्व्हर मिळत नाही. म्हणून ‘हे डीएनएस टाका, बफरिंग गायब’ छापाच्या सल्ल्याने कुणाचं काम होतं, कुणाचं होत नाही.

तपासायचं कसं? पर्याय ऑफ करा, ॲप पूर्ण बंद करा, फोनचा विमान मोड एकदा चालू-बंद करा, मग तोच व्हिडिओ लावा. चालू व्हिडिओत बदल करून काही कळत नाही. जुनं कनेक्शन जुन्याच सर्व्हरशी जोडलेलं राहतं आणि मिळालेला पत्ताही फोनने काही काळ लक्षात ठेवलेला असतो. ही चाचणी दुपारी करा, रात्री नाही. रात्री दुसरा दोष मध्ये येतो. दुपारी सुरुवातीचा विलंब गेला, तर पहिला दोष सापडला. मग ऑटोमॅटिकवर ठेवून द्या. कायमचं ऑफ ठेवायची गरज नाही.

रात्रीचं दुखणं

सिंहगड रोडला धायरीत एका घरी अगदी तुमच्यासारखंच होतं, ते आकड्यांसकट सांगतो. तिथेही केबलवाल्याचं फायबर, 100चा प्लॅन, आणि घरातल्या मुलाने फोनमध्ये जाहिराती अडवणारं डीएनएस टाकलेलं. प्रायव्हेट डीएनएस ऑफ केल्यावर फोनवर व्हिडिओ सुरू व्हायला लागणारे पाच-सहा सेकंद एकावर आले. घरचे खूश. रात्री साडेनऊला पुन्हा फोन आला, ‘दादा, तेच चालू आहे.’

ते अपेक्षितच होतं. दुपारी तीनला आम्ही तीन आकडे लिहून ठेवले होते. स्पीड टेस्ट, आपोआप निवडलेल्या सर्व्हरवर: 96. तीच टेस्ट, पण सर्व्हरच्या यादीतून मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर हाताने निवडून: 90. आणि `fast.com` वर: 88. ही शेवटची साइट नेटफ्लिक्सची आहे आणि त्यांच्याच व्हिडिओ सर्व्हरवरून डेटा उतरवते, म्हणून ती खऱ्या व्हिडिओच्या वाटेच्या जास्त जवळ जाते. रात्री साडेनऊला तेच तीन आकडे आले 94, 11 आणि 7. निदान इथेच झालं म्हणा ना. घरापासून केबलवाल्यापर्यंतचा भाग दुपारइतकाच मोकळा होता, त्याच्या पुढची लाइन तुंबलेली होती.

तरी घरातलं वायफाय निर्दोष आहे याची खात्री हवी, म्हणून विंडोज लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवलं:

```
ping -n 50 192.168.1.1
tracert -d 8.8.8.8
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली ओळ राउटरपर्यंतचा वेळ मोजते (तुमच्या राउटरचा पत्ता 192.168.0.1 असाही असू शकतो). तिथे 2 मिलिसेकंद आले, पन्नासही वेळा जवळपास सारखे. म्हणजे वायफाय सुटलं. हाच आकडा मध्येच 100-200पर्यंत उड्या मारत असता, तर केबलवाल्याला बोलावण्याआधी राउटरची जागा बदलावी लागली असती, किंवा 2.4 गिगाहर्ट्झ सोडून 5वर जावं लागलं असतं. सोसायट्यांमध्ये 2.4वर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि त्यांवर मजल्यामजल्यांवरचे राउटर भांडत असतात.

दुसऱ्या ओळीने वाटेतले टप्पे दिसले. राउटरनंतरचा टप्पा म्हणजे केबलवाल्याचं उपकरण, तिथे 4 मिलिसेकंद. त्याच्या पुढच्या टप्प्यापासून आकडे 70 ते 110, आणि ते शेवटपर्यंत तसेच. हे ‘शेवटपर्यंत’ महत्त्वाचं. मधला एखादाच टप्पा मोठा आकडा दाखवून पुढचे पुन्हा लहान आले, तर तो दोष नसतो. कित्येक राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मुद्दाम मागे टाकतात. तिसऱ्या ओळीत, जिथे दुपारी 5 मिलिसेकंद होते, तिथे आता सरासरी 85, आणि पन्नासातली तीन पॅकेटं परत आलीच नाहीत. लाइन भरली की पॅकेटं आधी रांगेत थांबतात, म्हणून वेळ वाढतो, आणि रांगही भरली की गळतात. दोन्ही खुणा हजर होत्या.

शेवटी मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवर तोच टीव्ही जोडला. त्याच वेळी, तोच व्हिडिओ, 1080पी, एकदाही न अडकता. म्हणजे टीव्हीही सुटला.

यामागचं गणित साधं आहे. समजा केबलवाल्याने वरच्या कंपनीकडून 1 जीबीपीएसची लाइन घेतली आहे. 5 एमबीपीएसने भागलं तर एका वेळी 200 टीव्ही एचडी बघू शकतात. दुपारी चाळीस-पन्नास चालू असतात. रात्री जेवणं झाली की, आणि त्यातून सामना असला की, 300 घरं एकदम बसतात. प्रत्येकाला 100 विकलेलं असतं, यात मुळात गैर काही नाही, सगळे एकाच वेळी 100 वापरत नाहीत हे गृहीत धरूनच हा धंदा चालतो. गैर होतं ते ग्राहक वाढत गेले आणि वरची लाइन तेवढीच राहिली, तेव्हा. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2006 सालच्या ब्रॉडबँड दर्जाच्या नियमांत गर्दीच्या वेळीही अशा दुव्यांचा वापर 80 टक्क्यांच्या आत ठेवण्याचं मानक होतं, ते याच कारणाने: त्याच्या वर गेलं की क्षणिक लाटांना जागा उरत नाही.

एक विसंगती तुम्हालाही दिसेल कदाचित: यूट्यूब बरं चालतं आणि दुसरं एखादं ॲप अडकतं, किंवा उलट. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यात गूगल आणि नेटफ्लिक्सचे साठवण-सर्व्हर बसवलेले असतात, आणि त्यांच्याकडे जाणारी वाट बाकीच्या इंटरनेटच्या वाटेहून वेगळी असू शकते. एक वाट तुंबली म्हणून दुसरी तुंबलेलीच असेल असं नाही. म्हणून कुठलं ॲप अडकतं तेही तक्रारीत लिहा.

तुंबलेल्या लाइनवर डीएनएस बदलून काही होत नाही. राउटर बंद-चालू करूनही सहसा होत नाही. कधी त्याने पाच मिनिटं बरं वाटतं, पण तेवढ्यात सामन्याचं षटक संपून गर्दी थोडी सैल झालेली असते, एवढंच.

केबलवाल्याकडे जाताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. तो पुन्हा स्पीड टेस्ट लावून दाखवेल आणि तुम्ही हराल. तीन रात्री, एकाच वेळी, वरचे तिन्ही आकडे आणि पिंगचा फोटो घ्या, सोबत दुपारचा एक संच. मग विचारा: ‘तुमच्या सर्व्हरवर 94 येतं आणि मुंबईत दुसऱ्याच्या सर्व्हरवर 11, दुपारी मात्र दोन्ही नव्वद किंवा त्याहून जास्त. तुमची वरची लाइन रात्री किती भरते?’ या प्रश्नाला ‘तुमचा फोन’ हे उत्तर देता येत नाही. धायरीच्या केबलवाल्याने आधी टाळाटाळ केली, मग त्या इमारतीचे ग्राहक दुसऱ्या लाइनवर हलवले. तुमचा ऐकतच नसेल, तर त्याच्या वरच्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. त्या क्रमांकाशिवाय अपील पुढे सरकत नाही. कंपनी बदलायची ठरवलीत तर आधी शेजाऱ्यांपैकी कुणाकडे ती आहे ते बघा आणि रात्री त्यांच्या घरी जाऊन `fast.com` लावा. एकाच इमारतीतले दोन वेगळ्या नावांचे केबलवाले कधीकधी एकाच वरच्या लाइनवर असतात.

आणि ‘काम झालं, आता बघा’ असा निरोप सकाळी अकराला आला, तर तेव्हाच्या टेस्टवर हो म्हणू नका. रविवारी रात्री साडेनऊला तेच तीन आकडे पुन्हा घ्या, मग तक्रार बंद करायला सांगा.